टेस्ट ९९ टक्के अचूक, मग शक्यता ९ टक्के कशी?

*"टेस्ट ९९ टक्के अचूक आहे आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, म्हणजे आजार असण्याची शक्यता ९९ टक्के. सरळ हिशोब आहे. आजार हजारात एकाला होतो की लाखात, याचा माझ्या रिपोर्टशी काय संबंध? टेस्ट माझ्या रक्ताची झाली, इतरांच्या नाही. बेझचा नियम लावून ९ टक्के म्हणत असाल, तर मग टेस्ट करायचीच कशाला? आणि इतकी शंका असेल तर तीच टेस्ट परत करा. दोनदा पॉझिटिव्ह म्हणजे पक्कं."*

असा एक मेसेज मला आला. त्यातला सगळा घोळ ‘अचूक’ या एका शब्दापासून सुरू होतो. हजारात एकालाच होणारा आजार घ्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला, रक्त न तपासताच, ‘निगेटिव्ह’ लिहिलेला कागद द्या. हजारातले ९९९ रिपोर्ट बरोबर निघतील. ही ‘टेस्ट’ ९९.९ टक्के अचूक ठरली आणि एकही आजारी माणूस तिला सापडला नाही! म्हणून टेस्टबद्दल एक आकडा पुरत नाही, दोन लागतात. आजार असलेल्यांपैकी किती जणांना ती पकडते, ही तिची सेन्सिटिव्हिटी. आजार नसलेल्यांपैकी किती जणांना ती निगेटिव्ह म्हणून सोडून देते, ही स्पेसिफिसिटी. आपण उदार होऊ आणि दोन्ही ९९ टक्के धरू.

आता हे दोन्ही आकडे पुन्हा एकदा सावकाश वाचा. दोन्हींची सुरुवात ‘आजार असलेल्यांपैकी’ किंवा ‘नसलेल्यांपैकी’ अशी होते. रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या माणसाचा प्रश्न मात्र ‘पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती जण खरंच आजारी?’ असा असतो. गट बदलला की उत्तर बदलतं. पाऊस पडत असताना आकाशात ढग असण्याची शक्यता जवळजवळ १०० टक्के असते. पण ढग दिसले म्हणून पाऊस पडतोयच असं कोणी म्हणत नाही. मी संख्याशास्त्र शिकवतो. उत्तरपत्रिकांत सूत्र बहुतेक वेळा बरोबर लिहिलेलं असतं, पण त्यात P(+|D), म्हणजे आजार असताना पॉझिटिव्ह येण्याची शक्यता, हिच्या जागी P(D|+), म्हणजे पॉझिटिव्ह आल्यावर आजार असण्याची शक्यता, गेलेली असते. विद्यार्थ्यांना हसायचं कारण नाही. १९७८ साली हार्वर्ड मेडिकल स्कूलच्या रुग्णालयांमधल्या ६० डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना असाच प्रश्न विचारला होता: आजार हजारात एकाला, निरोगी लोकांपैकी ५ टक्क्यांना खोटा पॉझिटिव्ह. सर्वाधिक जणांनी दिलेलं उत्तर होतं ९५ टक्के. बरोबर उत्तर सुमारे २ टक्के आहे आणि ते फक्त ११ जणांना आलं.

‘टेस्ट माझ्या रक्ताची झाली’ हा दुसरा मुद्दा ऐकायला पटतो, कारण रक्त खरंच एकट्याचं असतं. पण रिपोर्टवरचा ‘पॉझिटिव्ह’ हा शिक्का दोन वाटांनी येऊ शकतो, खऱ्या आजारामुळे किंवा टेस्टच्या चुकीमुळे, आणि कुठल्या वाटेने किती माणसं चालली आहेत हे माहीत नसेल तर तो कुठून आला असेल याचा अंदाज बांधता येत नाही. सूत्र बाजूला ठेवून माणसं मोजूया. लक्षणं नसलेले १,००,००० लोक तपासले. आजारी १००, त्यातले ९९ पॉझिटिव्ह. निरोगी ९९,९००, आणि त्यातल्या १ टक्क्याच्या बाबतीत टेस्ट चुकते, म्हणजे ९९९ पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह १,०९८, त्यात खरे ९९. भागाकार करा: ९ टक्के. बेझचा नियम हेच करतो, फक्त माणसांऐवजी अपूर्णांक घेऊन:

```
P(D|+) = (0.001 × 0.99) / (0.001 × 0.99 + 0.999 × 0.01) ≈ 0.09
```

छेदातली दुसरी संख्या बघा. उत्तराचा जीव तिथे आहे. टेस्ट सुधारून सेन्सिटिव्हिटी पूर्ण १०० टक्के केली, तरी उत्तर ९ च्या आसपासच राहतं, कारण ९९ चे १०० झाले, इतकंच. उलट स्पेसिफिसिटी ९९ वरून ९९.९ केली, तर खोटे पॉझिटिव्ह ९९९ वरून शंभरावर येतात आणि शक्यता थेट ५० टक्क्यांच्या जवळ जाते. दुर्मीळ आजारात निरोगी लोकच इतके जास्त असतात की त्यांच्या बाबतीत होणारी छोटीशी चूकही खऱ्या रुग्णांच्या संख्येला झाकून टाकते.

याच कारणाने ‘हजारात एक’ हा आकडा डोळे झाकून सगळ्यांना लावणंही चूक आहे. (बेझवाले लोक इथे बरेचदा घसरतात.) एखाद्याला नेमकी त्या आजाराची लक्षणं आहेत आणि तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मते अशा पाच जणांत एकाला तो निघतो, तर सुरुवातच १ : ४ या प्रमाणाने होते. या टेस्टचा पॉझिटिव्ह रिपोर्ट ‘आजार आहे’ ही बाजू ९९ पटींनी वाढवतो, कारण आजाऱ्याला पॉझिटिव्ह येण्याची शक्यता ९९ टक्के आणि निरोग्याला १ टक्का. प्रमाण झालं ९९ : ४, म्हणजे ९६ टक्के. टेस्ट तीच, कागद तोच, फक्त माणूस वेगळ्या गटातून आला. अडचण अशी की ही सुरुवातीची शक्यता कुठल्याच रिपोर्टवर छापलेली नसते. ती लक्षणं, वय, घरातला इतिहास यांवरून ठरवावी लागते आणि तिथे चूक झाली की पुढचं बिनचूक गणितही चुकतं.

‘मग टेस्ट करायचीच कशाला’ याचं उत्तर छोटं आहे. हजारात एक असलेली शक्यता अकरात एक झाली. हे काही कमी नाही. आणि ज्यांना निगेटिव्ह आलं त्यांच्यात आजारी उरतो सुमारे ९९ हजारांत एक. पुढच्या तपासण्या कोणाच्या करायच्या हे एका लाखावरून १,०९८ जणांवर आलं.

राहिली पुन्हा टेस्ट करण्याची गोष्ट, आणि सगळ्या मेसेजमध्ये फसवी गोष्ट हीच आहे. कागदावर ती छान दिसते: ९९ : ९९९ ला परत ९९ ने गुणा, उत्तर जवळजवळ ९१ टक्के. पण हा गुणाकार तेव्हाच चालतो, जेव्हा दुसऱ्या वेळची चूक पहिल्या चुकीशी संबंधित नसते. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल तर ठीक. टेस्ट चुकण्याचं कारण त्या माणसाच्या रक्तातच असेल तर? समजा ९९९ खोट्या पॉझिटिव्हपैकी ५०० जणांचं असं आहे. ते दुसऱ्यांदाही पॉझिटिव्हच येणार, उरलेल्यांतले फार तर दोन-चार. खरे रुग्ण ९८ धरले, तर दोनदा पॉझिटिव्ह आलेल्यांत त्यांचा वाटा होतो सुमारे १६ टक्के. कुठे ९१ आणि कुठे १६!

हे मनाने रचलेलं संकट नाही. सिफिलिससाठी केली जाणारी व्हीडीआरएल टेस्ट त्या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी शोधतच नाही. कार्डिओलिपिन नावाच्या पदार्थाविरुद्धच्या अँटिबॉडी शोधते. ल्युपस नावाच्या वेगळ्याच आजाराच्या काही रुग्णांमध्ये त्या सिफिलिस नसतानाही असतात. अशा माणसाची व्हीडीआरएल दहा वेळा केली तर दहाही वेळा पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून तिथे खात्रीसाठी टीपीएचएसारखी, थेट त्या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी टेस्ट करतात. तिच्या चुका वेगळ्या कारणांनी होतात, त्यामुळे तिचा पॉझिटिव्ह रिपोर्ट आला तर तो गुणाकारात धरता येतो.