एकशे सव्वीस दिवसांचे काका

परवा भर वाचनालयात, सात-आठ माणसांसमोर, एका काकांनी मला विचारलं, "तुम्हाला आकडे येतात का?" प्रश्न इतक्या शांतपणे विचारला होता की मी खरोखरच क्षणभर विचारात पडलो.

झालं असं, की ग्रंथपाल बाईंना देवघेवीचं रजिस्टर कॉम्प्युटरवर हवं होतं आणि मी नेमका समोर उभा होतो. चारच रकाने तर आहेत, असं म्हणून त्यांनी मला रजिस्टरच्या पानांचे फोटो काढायला लावले. पुस्तक, सभासद, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख. नियम पंधरा दिवसांचा, त्यापुढे गेलेली नावं लाल करायची. मी मान डोलावली. मान डोलावणे हा माझा जुना आजार आहे.

पहिल्याच पानावर सभासदाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'डॉक्टरांचा मुलगा'. कोणते डॉक्टर, कितवा मुलगा? पुस्तकाच्या रकान्यात तर बहुतेकदा नावच नव्हतं, नुसता दाखल क्रमांक. त्याचा तेव्हा मला राग आला होता. नावाची दोन-दोन पुस्तकं असू शकतात, दाखल क्रमांक मात्र प्रत्येक प्रतीचा वेगळा असतो, ही अक्कल मला पुढे यायची होती आणि तीही काकांकडून.

लाल करण्यासाठी मी एक सूत्र लिहिलं. ते इथे देतो, म्हणजे दोष कुणाचा होता ते कळेल:

```
=IF(D2="",IF(TODAY()>C2+15,"थकीत",""),IF(D2>C2+15,"उशिरा परत",""))
```

C म्हणजे नेल्याची तारीख, D म्हणजे परतीची. परतीची तारीख नसेल आणि पंधरा दिवस उलटले असतील तर थकीत. दिसायला काय सोज्वळ आहे! पण खाली ओढत नेल्याबरोबर ज्या ओळींत काहीच लिहिलेलं नव्हतं, त्याही थकीत झाल्या. कारण रिकामी तारीख म्हणजे शून्य, आणि शून्याला पंधरा दिवस उलटून एक शतक झालेलं असतं. कुणी काही नेलं नाही, तरी थकबाकी. दुसरी गंमत त्याहून वाईट. परतीच्या रकान्यात काहींनी तारखेऐवजी 'जमा' लिहिलं होतं, काहींच्या नुसत्या सह्या होत्या, त्या मी 'सही' म्हणून टाकल्या. तुलना करताना एक्सेलला कुठलाही शब्द कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा वाटतो. म्हणजे ज्याने नेमाने पुस्तक आणून सही ठोकली तो कायमचा 'उशिरा परत'. हे दोन्ही मी वेळेत पकडलं. शब्द सापडला की लाल न करता पिवळं करायचं आणि माणसाने बघायचं, असं ठरवलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात माझी ही हुशारी कुणीच लक्षात घेतली नाही.

बाईंनी यादी छापून फलकावर लावली. एकाच तारखेखाली आठ जण, प्रत्येकी १२६ दिवस थकीत. दोघांनी घाबरून पुस्तकं न वाचताच परत आणून दिली. एक जण भलत्याच वाचनालयाचं पुस्तक घेऊन आला. बाकीचे गप्प बसले. काका मात्र आले.

काकांच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात भिंग. आल्या आल्या ते फलकासमोर उभे राहिले आणि स्वतःचं नाव मोठ्याने वाचलं. मग म्हणाले, "कोणी केलं हे?" बाईंनी माझ्याकडे असं बोट दाखवलं, जणू त्या मला पहिल्यांदाच बघत होत्या.

"मधमाश्यांचं पुस्तक मी कधी नेलं?"

"एक एप्रिलला, काका."

"दाखल क्रमांक?"

"४४१७."

काकांनी पिशवीतून वही काढली. या माणसाने नेलेलं प्रत्येक पुस्तक आपल्या वहीत लिहिलेलं असतं आणि परत करताना समोरच्याची सही घेतलेली असते. माझ्या ओळखीत लोकांनी पैशांचे व्यवहार इतक्या काळजीने केलेले नाहीत. पण त्यांनी वही उघडलीच नाही. नुसती मांडीवर ठेवली, सैन्य सीमेवर ठेवतात तशी.

"तुमच्या त्या यंत्रात ४४१७ शोधा."

शोधलं. दोन ओळी आल्या. एक काकांची. दुसरी एका बाईंची, १२ जूनला नेलं, २० जूनला परत.

"एप्रिलपासून पुस्तक माझ्याकडे आहे," काका म्हणाले, "आणि जूनमध्ये त्या बाई तेच पुस्तक, तीच प्रत, घेऊन गेल्या. माझ्या घरात शिरून नेलं का त्यांनी?"

कोणीतरी हसलं. मी पुटपुटलो की कदाचित तुम्ही मध्ये परत केलं असेल आणि नोंद राहिली असेल. असंही होतं खरं. परतीचा रकाना रिकामा आणि तीच प्रत पुढे दुसऱ्याच्या नावावर दिसली, तर पुस्तक आलेलंच असतं. काका म्हणाले, "मी पुस्तक आजही वाचतोय. पान ८८." आणि भिंग पुढे केलं. "रजिस्टर आणा."

मूळ पान आलं. पहिल्या ओळीत तारीख होती 9/8 आणि खाली सगळी वरीलप्रमाणेची टिंबं. ऑगस्टची नऊ तारीख. जुन्या सहायकांचं अक्षर मराठी आकड्यांचं होतं. ऑगस्टपासून आलेली मुलगी इंग्रजी आकडे लिहिते. तिचा 9 शेपटी वळवून, 8 वरून उघडा. जुन्या अक्षराची सवय झालेल्या डोळ्याला त्यात स्वच्छ १/४ दिसतं. वर्ष तर कुणीच लिहीत नाही. आणि एक चुकलं की टिंबांमुळे खालचे सातही चुकले.

"वरचं पान बघितलं असतंत तर?" काका म्हणाले. ते बरोबर होतं, हेच तर खुपतं. नेल्याच्या तारखा नेहमी क्रमाने उतरत येतात. आधीचं पान 8/8 वर संपलं होतं, म्हणजे पुढे एप्रिल येणं शक्यच नव्हतं. परतीच्या तारखांना असा क्रम नसतो, तिथे चाचपडावं लागतं. पण नेल्याची तारीख संशयास्पद वाटली तर शेजारी विचारायचा. माझे फोटो उलटसुलट झाले होते आणि त्या पानाच्या खालच्या निम्म्या भागावर, पुढची 10/8 ही नोंद जिथे असेल तिथे, माझा अंगठा आला होता.

काकांनी फोनवरचा तो अंगठा भिंगातून बराच वेळ पाहिला. तेव्हाच तो आकड्यांचा प्रश्न विचारला.

मी आठ जणांची माफी मागितली, त्यातले सात हजर नव्हते. फुकटात तीनशे ओळी भरणाऱ्या माणसाला कोणी पाणीही विचारलं नाही, ते असो. शून्यातून थकबाकी काढणाऱ्या सूत्राबद्दल मात्र कुणाची तक्रार नव्हती, कारण ते मी दुरुस्त केलं होतं.

काकांनी माझ्यासमोर यादीतलं नाव खोडायला लावलं, त्यावर सही घेतली आणि वही पिशवीत ठेवली.

"पंधरा दिवस चोवीस तारखेला पूर्ण होतात," ते म्हणाले. "त्या दिवशी पुस्तक आणून देईन. तुम्ही असा. फोटो काढताना तेवढा अंगठा बाजूला ठेवा."