बेड हलतो म्हणून प्रिंटर विकायचा?

«बेड पुढे-मागे हलणारे प्रिंटर आता भंगार आहेत. कोअरएक्सवाय घ्या. तिप्पट स्पीड, आवाज शून्य, ट्यूनिंग काहीच करावं लागत नाही. गणपतीच्या ऑर्डरी येण्याआधी जुना विकून टाका.»

थ्रीडी प्रिंटरबद्दलचा हा मेसेज गेला महिनाभर फिरतोय. बेड म्हणजे ज्यावर वस्तू तयार होते ती पाटी. कोअरएक्सवायमध्ये ती पुढे-मागे होत नाही, नोझलचं डोकंच दोन्ही दिशांना फिरतं. आता तो माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला. तो भांडुपच्या घरात मखराच्या जाळ्या आणि खांब प्रिंट करून विकतो. मशीन साधंच, 0.4 मिमी नोझलचं. ते विकून वर कर्ज काढायला निघाला होता, म्हणून हे लिहितोय.

आधी स्पीड, कारण कर्ज स्पीडसाठीच काढलं जाणार होतं. प्रिंट किती वेगाने होईल याला दोन मर्यादा असतात. हॉटएंड, म्हणजे डोक्यातला तापणारा भाग, सेकंदाला किती प्लास्टिक वितळवू शकतो ही पहिली. डोकं किंवा बेड किती झटकन वेग घेऊ शकतो, म्हणजे अ‍ॅक्सेलरेशन, ही दुसरी. बेड हलतो की डोकं, याचा संबंध फक्त दुसरीशी आहे.

भाच्याची जाळी घेऊ. थर 0.2 मिमी, रेघेची रुंदी 0.45 मिमी, वेग सेकंदाला 60 मिमी. तिघांचा गुणाकार केला की सेकंदाला 5.4 घन मिमी प्लास्टिक लागतं. साध्या हॉटएंडमधून पीएलए हे नेहमीचं प्लास्टिक सेकंदाला ढोबळमानाने 11 घन मिमी नीट वितळून येतं. म्हणजे हाच हॉटएंड जेमतेम 120 मिमीचा वेग पेलेल. 300 मिमीला 27 घन मिमी लागतील. ते वितळणारच नाहीत, मग फ्रेम कुठलीही असो. प्लास्टिकची तार आत ढकलणारा एक्स्ट्रूडर टकटक आवाज करत घसरेल, भिंतीत फटी पडतील आणि जाळी हाताने मोडेल.

आपल्या मशीनची मर्यादा पाहणं सोपं आहे. एक्स्ट्रूडरच्या तोंडापासून वर 70 मिमीवर फिलामेंटला, म्हणजे त्या तारेला, खूण करा आणि प्रिंटरला या कमांड द्या:

```
M109 S210
M83
G1 E50 F250
```

1.75 मिमीच्या फिलामेंटला `F250` म्हणजे सेकंदाला साधारण 10 घन मिमी. नंतर खूण 20 मिमीवर उरली पाहिजे. आधी `F60` ने सावकाश करून बघा. तिथेच अंतर चुकत असेल तर दोष एक्स्ट्रूडरच्या स्टेप्सच्या सेटिंगमध्ये आहे, ते आधी दुरुस्त करा. मग `F250`, `F300`, `F350` असं वाढवत जा. जिथे 20 ऐवजी 22-23 मिमी उरू लागेल, तिथे तुमचा हॉटएंड थकला.

आता अ‍ॅक्सेलरेशन. जाळीत बहुतेक कडा 10 मिमीच्या आसपास. कडेच्या सुरुवातीला जवळपास थांबून पुन्हा वेग घ्यायचा, तर त्या कडेवर गाठता येणारा सर्वाधिक वेग म्हणजे अ‍ॅक्सेलरेशन गुणिले लांबी, त्याचं वर्गमूळ. भाच्याच्या मशीनवर अ‍ॅक्सेलरेशन 500 होतं. 500 गुणिले 10, वर्गमूळ जवळपास 71. प्रिंटची फाइल बनवणाऱ्या स्लायसर सॉफ्टवेअरमध्ये त्याने 150 लिहिलं काय आणि 300 काय, मशीन 71 च्या वर जातच नव्हतं! तेच 3000 केलं तर आकडा 173 होतो, म्हणजे हॉटएंडच्या मर्यादेच्या पुढे. त्या हॉटएंडवर याहून जास्त अ‍ॅक्सेलरेशन देऊन जाळी फारशी लवकर होणार नाही. शिवाय लहान वस्तूंचा थर नीट थंड व्हावा म्हणून स्लायसर स्वतःच वेग कमी करतो, तिथे कुठल्याही मशीनचा इलाज नाही.

3000 वर बेड हलवला की कोपऱ्यांशेजारी लाटा उमटतात, हे खरं. त्यासाठीच इनपुट शेपिंग आहे, म्हणजे कंपन उठू नये अशा बेताने मोटर हलवणं. मार्लिन या फर्मवेअरमध्ये ते 2.1.2 आवृत्तीपासून `M593` या कमांडने मिळतं, क्लिपर या दुसऱ्या फर्मवेअरमध्ये तर आहेच. कंपन मोजणारा सेन्सर नसला तरी चालतं. शेपिंग बंद ठेवून एक चाचणी मनोरा प्रिंट करा आणि कोपऱ्यापासून पुढच्या लाटा मोजा. 100 मिमीच्या वेगाला 15 मिमीत 6 लाटा दिसल्या, तर 100 गुणिले 6 भागिले 15, म्हणजे 40 हर्ट्झ. X आणि Y साठी हा आकडा वेगळा निघतो, तो त्या त्या अक्षाला द्या.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. क्लिपरच्याच माहितीपत्रात लिहिलंय की हलत्या बेडवर प्लास्टिक साचत गेलं की वजन वाढतं आणि कंपनाची वारंवारता खाली येते, म्हणून अशा मशीनला शक्य असेल तर शेपिंगचा EI हा प्रकार घ्यावा, कारण तो असा फरक जास्त सहन करतो. भाच्याचे बारीक, उंच खांब वरच्या टोकाला हलतात तेही बेडमुळेच. बहुतेक कोअरएक्सवायमध्ये बेड फक्त खाली सरकतो, तिथे हा त्रास नाही. हॉटएंडही मोठा असेल तर कोअरएक्सवाय नक्कीच पुढे जातो. पण बांबू लॅब या कंपनीने स्वतःच्याच दोन मशीनचे दिलेले आकडे बघा: हलत्या बेडचं ए1 आणि कोअरएक्सवाय पी1एस, दोघांचा कमाल वेग 500. अ‍ॅक्सेलरेशन 10,000 आणि 20,000. तिप्पट कुठे आहे यात?

आवाजाचं थोडक्यात. मोटरची किरकिर ती चालवणाऱ्या जुन्या A4988 ड्रायव्हर चिपची असते. त्याजागी TMC2209 ड्रायव्हर घातला की ती जाते, फ्रेम कुठलीही असो. मग ऐकू येतात ते पंखे, आणि वेगवान कोअरएक्सवायचे पंखे मोठेच असतात. खालच्या मजल्यावर जाणारी धडधड हलत्या बेडची जास्त असते, हे कबूल. टेबल सामाईक भिंतीपासून सुटं करा, फोमवर शहाबादी फरशी ठेवा, तिच्यावर प्रिंटर.

ट्यूनिंग लागत नाही, हे तर साफ खोटं आहे. हलत्या बेडच्या मशीनमध्ये X चा बेल्ट X पुरता आणि Y चा Y पुरता. दोष कुठे आहे ते लगेच कळतं. कोअरएक्सवायमध्ये दोन लांब बेल्ट, आणि सरळ X किंवा Y जायलाही दोन्ही मोटर लागतात. एक बेल्ट जास्त ताणला गेला की आडवा दांडा तिरका होतो आणि चौकोनाचे दोन कर्ण वेगवेगळे भरतात. 100 मिमीचा चौकोन प्रिंट करून कर्ण मोजले की ते दिसतं. सेन्सर असेल तर क्लिपरमध्ये दोन्ही बेल्ट वेगळे तपासता येतात:

```
TEST_RESONANCES AXIS=1,1 OUTPUT=raw_data
TEST_RESONANCES AXIS=1,-1 OUTPUT=raw_data
```

या दोन नोंदींचे आलेख काढले आणि त्यांची शिखरं जुळली नाहीत तर बेल्टचा ताण सारखा नाही. तयार मशीन कारखान्यातून जुळवून येतात आणि स्वतःची चाचणी स्वतः करतात, हे खरं. पण ती सोय सेन्सर आणि फर्मवेअरची आहे. ए1 मध्येही ती आहे. बेल्ट सैल पडल्यावर ताणायचे तुम्हालाच. आणि जुलैच्या हवेत उघडं राहिलेलं फिलामेंट दोन्ही मशीनवर सारखंच तडतडतं आणि तार सोडतं.

भाच्याने आता अ‍ॅक्सेलरेशन 3000 केलंय, शेपिंग लावलंय आणि जाळीचा वेग 110 ठेवलाय. खांब तो दोन तुकड्यांत प्रिंट करून जोडणार आहे. पुढे एबीएस या प्लास्टिकची कामं मिळाली तर बंद कप्प्याचं कोअरएक्सवाय त्याने जरूर घ्यावं, कारण उघड्यावर एबीएसचे कोपरे उचलले जातात आणि थर सुटतात. पीएलए करताना मात्र त्याचं झाकण उघडं ठेवायचं, नाहीतर मुंबईच्या उन्हाळ्यात आतली हवा इतकी तापते की फिलामेंट नोझलच्या वरच मऊ होऊन अडकतं.