जुनं कार्ड बंद करण्याआधी लिमिटची बेरीज मांडा

"घरात पडून असलेलं जुनं क्रेडिट कार्ड आजच बंद करा. कार्डं कमी तेवढा सिबिल चांगला. बाकीच्या कार्डांची बिलं वेळेवर भरत असाल तर स्कोअरला काही होत नाही. बंद केलं की त्या कार्डाची नोंदही निघून जाते. आणि बंद करायचा कंटाळा असेल तर कपाटात टाकून द्या, बिघडत काही नाही. सगळ्यांना पाठवा."

सोलापुरात मी लहान धंदेवाल्यांचे हिशेब आणि कर्जाच्या फायली बघतो. हा मेसेज वाचून ज्यांनी खरंच कार्ड बंद केलं, त्यातले एक अण्णा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचं टॉवेलचं छोटं युनिट आहे. जुळे सोलापुरात फ्लॅट घ्यायचा म्हणून पंचवीस लाखांच्या गृहकर्जाची फाइल आम्ही तयार करत होतो. मार्चमध्ये त्यांचा स्कोअर ७७१ होता. बँकेने मे महिन्यात परत काढला तेव्हा तो ७३८ निघाला. मधल्या काळात एकही हप्ता चुकला नव्हता आणि नवीन कर्जासाठी कुठे अर्जही गेला नव्हता. बदललेली गोष्ट एकच होती. २०१२ सालचं कार्ड त्यांनी एप्रिलमध्ये बंद केलं होतं.

म्हणून वेळेवर बिल भरण्याचा मुद्दा आधी घेतो, कारण माणसं सगळ्यात जास्त तिथेच फसतात.

अण्णांकडे तीन कार्डं होती. २०१२ च्या कार्डाचं लिमिट दीड लाख, आणि त्यावर खर्च शून्य. २०२१ च्या कार्डाचं लिमिट साठ हजार, २०२३ च्या कार्डाचं चाळीस हजार. सूत, पॅकिंग, डिझेल, घरखर्च असं सगळं धरून या दोन कार्डांवर महिन्याला साधारण पंचेचाळीस हजार निघायचे, आणि बिल आलं की ते पूर्ण भरायचे. व्याजाचा एक रुपया त्यांनी कधी दिला नाही.

कर्जांची आणि कार्डांची नोंद ठेवून स्कोअर काढणाऱ्या सिबिलसारख्या क्रेडिट ब्युरोला मात्र त्यांनी बिल कसं भरलं याशिवाय आणखी एक गोष्ट दिसते: मिळालेल्या एकूण लिमिटपैकी किती वापरात आहे. तीन कार्डं असताना अडीच लाखांपैकी पंचेचाळीस हजार वापरात होते, म्हणजे अठरा टक्के. दीड लाखाचं लिमिट गेलं आणि तोच खर्च एक लाखावर आला, म्हणजे पंचेचाळीस टक्के. अण्णांनी एक रुपयाही जास्त खर्च केला नव्हता. वरचा आकडा तोच राहिला, खालचा कमी झाला. निम्म्याच्या आसपास लिमिट सतत वापरात असेल तर माणूस उधारीवर चालला आहे असा त्याचा अर्थ लावला जातो.

यावर अण्णांनी मला विचारलं, "पण मी तर पूर्ण भरतो की हो?" प्रश्न रास्त आहे. बँक ब्युरोला जी शिल्लक कळवते ती एका ठरावीक दिवसाची असते, बहुतेक वेळा बिल तयार झालं त्या सुमाराची. तुम्ही पैसे भरता ते त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी. त्यामुळे पूर्ण भरणाऱ्याचीही शिल्लक ब्युरोकडे पंचेचाळीस हजारच दिसू शकते. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती बँकांना महिन्यातून किमान दोनदा पाठवावी लागते, पूर्वी ती महिन्यातून एकदा जायची. म्हणजे सुधारणाही आता लवकर दिसते.

तीस टक्क्यांच्या आत राहा, असं सगळीकडे सांगतात. तो एक अंदाज आहे. एकोणतीसला सुरक्षित आणि एकतीसला दरीत, असं काही होत नाही. वापर जसा वाढतो तसा स्कोअरवरचा ताण वाढतो, इतकंच धरा. दुसरं म्हणजे प्रत्येक कार्ड वेगळंही बघितलं जातं. अण्णांच्या साठ हजारांच्या कार्डावर छत्तीस हजार असायचे, म्हणजे साठ टक्के. हे जुनं कार्ड बंद होण्याआधीही तसंच होतं. अडीच लाखांच्या बेरजेत ते झाकलं जात होतं, बेरीज घटली आणि ते उघडं पडलं.

एक अपवाद आहे. दोन्ही कार्डं एकाच बँकेची असतील तर पुष्कळदा दोघांत मिळून एकच लिमिट असतं. ॲपमध्ये एका कार्डावर खर्च केल्यावर दुसऱ्याचंही उपलब्ध लिमिट कमी झालेलं दिसलं, तर तुमचं लिमिट सामायिक आहे. तिथे एक कार्ड बंद केल्याने बेरीज घटत नाही, आणि वरचं गणित तुम्हाला लागू नाही.

आता नोंद निघून जाण्याबद्दल. निघून जात नाही. बंद झालेलं खातं रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड' म्हणून राहतं, उघडल्याची आणि बंद केल्याची तारीख दोन्ही तिथे असतात. आपल्याकडच्या नियमांनुसार क्रेडिट ब्युरोंना माहिती किमान सात वर्षं जपावी लागते. म्हणून २०२३ मध्ये उशिरा भरलेलं बिल पुसलं जाईल या आशेने कोणी कार्ड बंद करत असेल तर कृपया करू नका. तो डाग राहतो आणि लिमिट मात्र हातचं जातं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जुनं कार्ड बंद केलं की त्याच दिवशी सगळा इतिहास शून्य होतो, अशी भीती घालणारेही बरेच भेटतात. तेही चूक आहे. अण्णांच्या तीन कार्डांचं वय तेव्हा ढोबळमानाने तेरा, चार आणि दोन वर्षं होतं, सरासरी सहा वर्षांच्या थोडी वर. बंद खातं रिपोर्टमध्ये आहे तोवर त्याची तेरा वर्षांची शिस्तही तिथे दिसते. नुकसान होतं ते हळूहळू. त्या खात्यात वेळेवर भरल्याचे नवे महिने जमा होत नाहीत, आणि पुढे कधी ती नोंद रिपोर्टमधून गळली की उरलेल्या दोन कार्डांवरच सगळा इतिहास उभा राहतो. शिवाय कर्ज अधिकारी रिपोर्ट चाळतो तेव्हा सगळ्यात जुनं चालू खातं किती सालचं आहे तेही बघतो. अण्णांच्या बाबतीत ते २०१२ वरून २०२१ वर आलं.

बंद खातं 'दहा वर्षं' राहतं, इतिहासाला 'पंधरा टक्के' वजन असतं, हे आकडे व्हिडिओंमधून आपल्याकडे आले. ते अमेरिकेतल्या पद्धतीचे आहेत. सिबिल आपलं सूत्र उघड करत नाही, त्यामुळे ते आकडे आपल्या स्कोअरला जसेच्या तसे लावण्यात अर्थ नाही.

कार्डांच्या संख्येबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तीन कार्डं आणि कमी वापर हे एक कार्ड आणि भरपूर वापर यापेक्षा बरं दिसतं. थोड्या काळात चार-पाच ठिकाणी अर्ज केले तर प्रत्येक बँक रिपोर्ट मागवते आणि त्या चौकशांचा त्रास होतो, पण तो नवीन कार्ड घेण्याचा प्रश्न आहे, जुनं ठेवण्याचा नाही.

कपाटात टाकून देण्याचा सल्ला मात्र मला मनापासून धोकादायक वाटतो, कारण तो मी स्वतः भोगला आहे. माझ्या एका विसरलेल्या कार्डावर एका बँकेने पाचशे रुपये वार्षिक फी लावली. जीएसटीसह पाचशे नव्वद. बिल जुन्या ईमेलवर जात राहिलं. मला कळलं तेव्हा रिपोर्टमध्ये दोन महिन्यांची थकबाकी चढली होती. नियम असा की देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच बँक ते खातं थकीत म्हणून कळवते. विसरलेल्या कार्डाच्या बाबतीत तीन दिवस काय आणि तीन महिने काय!

फी नसली तरी दुसरी अडचण उभी असते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार कार्ड एक वर्षाहून जास्त काळ वापरलं नाही तर बँक ग्राहकाला कळवून ते बंद करण्याची प्रक्रिया सुरू करू शकते, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर बंद करते. म्हणजे तुम्ही जपून ठेवलेलं लिमिट तुमच्या नकळत जाऊ शकतं. ठेवायचंच असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा त्यावर मोबाइल रिचार्ज किंवा वीजबिल टाका आणि आलेलं बिल पूर्ण भरा.

कार्ड कधीच बंद करू नये, असं माझं म्हणणं नाही. फी भरून काही पदरात पडत नसेल, किंवा हातात कार्ड असलं की खर्च आवरत नसेल, तर बंद करणंच शहाणपणाचं. फक्त त्याआधी बँकेला फी नसलेलं कार्ड बदलून देता का ते विचारा, आणि खात्याची जुनी तारीख कायम राहील का हेही विचारून घ्या. ते जमत नसेल तर उरलेल्या कार्डाचं लिमिट आधी वाढवून घ्या. गृहकर्जाची किंवा वाहनकर्जाची फाइल चालू असेल तर मात्र पैसे हातात येईपर्यंत कशालाच हात लावू नका.

अण्णांच्या बँकेत ७५० च्या खाली व्याज पाव टक्का जास्त होतं. साडेआठऐवजी पावणेनऊ. वीस वर्षांच्या मुदतीला हप्त्यात जवळपास चारशे रुपयांचा फरक पडत होता, म्हणजे एकूण पंचाण्णव हजारांच्या घरात. आम्ही फाइल थांबवायला सांगितली. अण्णांनी बिलाची वाट न बघता दर आठवड्याला कार्डावर पैसे भरायला सुरुवात केली, म्हणजे बिल तयार होताना दोन्ही कार्डांवर मिळून पंधरा हजारच उरले. एक लाखावर पंधरा टक्के. पुढच्या महिन्याच्या अखेरीस स्कोअर ७६२ आला. आधीच्या ७७१ ला तो पोचला नाही, पण ७५० ची रेघ ओलांडली.

कार्ड बंद करायचं ठरलंच तर क्रम असा ठेवा. त्यावर चालू असलेले ईएमआय आणि महिन्याला आपोआप कापले जाणारे पैसे आधी दुसरीकडे हलवा, नाहीतर बंद करताना एखादी रक्कम अंगावर येते. रिवॉर्ड पॉइंट वापरून टाका. बिलात अजून न आलेल्या खर्चासह सगळी शिल्लक शून्य करा आणि विनंती लेखी द्या, फोनवर सांगून सोडू नका. काही देणं बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बँकेला कार्ड बंद करावं लागतं. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये ती तुम्हाला देणं लागते. देणं नसल्याचं पत्र मागून घ्या.

मग दीड महिन्याने रिपोर्ट काढा. प्रत्येक ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्या खात्यापुढे बंद झाल्याची तारीख, शिल्लक शून्य आणि 'क्लोज्ड' हा शब्द दिसला पाहिजे. 'सेटल्ड' दिसलं तर लगेच तक्रार करा, कारण त्याचा अर्थ तुम्ही पूर्ण पैसे भरले नाहीत आणि तडजोड झाली असा होतो. तीस दिवसांत तक्रार सुटली नाही तर पुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळण्याचा तुमचा हक्क आहे. बँकेचं पत्र जपून ठेवलेलं असतं ते याच वेळी कामाला येतं.