थंडीत निपचित पडलेला पक्षी आणि हमिंगबर्डची रात्र

"हमिंगबर्ड थंडीच्या रात्री मरतो आणि सकाळी पुन्हा जिवंत होतो. नाशिकच्या थंडीत असा छोटा पक्षी निपचित पडलेला दिसला तर हात लावू नका, ऊन आलं की आपोआप उडून जाईल."

असं सांगितलं जातं, पण त्यात बरंच चुकीचं आहे. आधी पक्ष्याची ओळख. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात. गंगापूर रोडच्या बागांत जास्वंदीवर दिसतो तो शिंजीर. तो क्षणभर हवेत थांबतो, पण बहुतेक वेळा देठावर बसूनच मध पितो. हमिंगबर्ड मात्र पंख वर नेतानाही खांद्यातून उलटा फिरवतो, त्यामुळे त्या फेरीतही उचल मिळते: सुमारे तीन चतुर्थांश भार पंख खाली येताना पेलला जातो, उरलेला वर जाताना. हे काम इतकं खर्चिक आहे की पक्षी दिवसभर साखर पीत राहतो.

रात्री पिणं थांबतं, आणि खरी अडचण इथे सुरू होते. जागेपणी त्याच्या शरीराचं तापमान ४० अंशांच्या आसपास असतं. बाहेर ५ अंश असतील, तर फरक ३५ अंशांचा. जितका फरक मोठा, तितकी उष्णता वेगाने निघून जाते, आणि चार-पाच ग्रॅमच्या देहात ती भरून काढायला साठा कुठून असणार? म्हणून तो शरीरच थंड होऊ देतो. देह ८ अंशांवर आला की फरक फक्त ३ अंश उरतो. याला टॉर्पर म्हणतात. पेरूच्या अँडीजमधल्या ब्लॅक मेटलटेल या हमिंगबर्डचं तापमान ३.२६ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद २०२० साली प्रसिद्ध झाली.

पण हा मृत्यू नव्हे. उडताना मिनिटाला हजारावर जाणारे ठोके पन्नासच्या आसपास येतात, थांबत नाहीत. श्वासही मंद चालू असतो आणि पाय फांदीला धरून असतात. उन्हाची वाटही तो पाहत नाही. बहुधा पहाटेआधीच छातीचे स्नायू थरथरवून तो स्वतःच्या चरबीतून देह तापवतो. या तापवण्यालाही इंधन लागतं, शिवाय गारठलेला पक्षी शत्रूपासून पळू शकत नाही. म्हणून साठा पुरेसा असला तर अनेकदा तो टॉर्परमध्ये जातच नाही. अंडी उबवणारी मादीही सहसा टाळते, कारण अंडी गार पडतील.

आता सर्वांत घातक भाग: हात न लावण्याचा सल्ला. निफाडला पारा पाच अंशांखाली गेल्यावर सकाळी जमिनीवर पडलेला शिंजीर टॉर्परमध्ये आहे असं धरून चालू नका. तो काचेवर आपटलेला असू शकतो, आजारी किंवा मांजराने पकडलेला असू शकतो. त्याला हवेची भोकं असलेल्या खोक्यात मऊ कापडावर, उबदार आणि शांत जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. मग वनविभागाला किंवा पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला कळवा. मांजराच्या दाताची जखम बाहेरून दिसली नाही तरी संसर्ग झपाट्याने पसरतो, तेव्हा ऊन चढायची वाट पाहू नका.