चोवीसशे रुपयांचा एकडोळ्या

एक बुटका मला रविवारी दोन डोळ्यांनी बघायला लागला. त्याला एकच डोळा असायला हवा होता, आणि मी चोवीसशे रुपये त्या नसलेल्या डोळ्याचे मोजले होते.

बुटका धातूचा, अंगठ्याच्या पेराएवढा. वॉरहॅमर नावाचा एक विलायती खेळ आहे, १९८३ पासूनचा. टेबलावर फौजा मांडून खेळतात, आणि फौजेतला प्रत्येक शिपाई आपणच बसून रंगवायचा असतो. आमच्या तालुक्यात हा खेळ खेळणारा मी एकटा, म्हणजे खेळत नाहीच, नुसते पुतळे जमवतो. मुंबईच्या एका गृहस्थाने फोटो टाकला होता: गॉट्रेक, धातूचा, जुना, दुर्मीळ. मी पैसे पाठवले. पार्सल सहा दिवस कुडाळातच पडून होतं, कारण कुरियरवाल्याच्या मते आमचा गाव ‘सर्व्हिसेबल’ नाही. इथे माणसं राहतात, मतं देतात, वीजबिलं भरतात, पण सर्व्हिसेबल नाहीत. असो.

गॉट्रेक कोण ते सांगायलाच हवं, नाहीतर माझी नामुष्की कळणार नाही. त्या खेळातल्या बुटक्यांच्या जमातीत कुणाच्या हातून अब्रू जाण्यासारखं काही घडलं, तर तो शपथ घेतो, डोकं भादरून मधोमध केसांचा तुरा ठेवतो, तो भगवा रंगवून चरबीने उभा करतो, आणि उघड्या अंगाने कुऱ्हाड घेऊन मोठ्यात मोठ्या राक्षसाच्या हातून मरायला निघतो. यांना स्लेयर म्हणतात. मेला तर सुटला. जगला तर आणखी मोठा राक्षस शोधायचा. गॉट्रेक हा त्यातला सगळ्यात नावाजलेला, म्हणजे मरण्याच्या कामात सगळ्यात नापास.

आता माझी चूक. फोटोत भगवा तुरा होता, भगवी दाढी होती, अंगावर निळं गोंदण होतं, डोळ्यावर काळी पट्टी होती. मी म्हटलं, गॉट्रेक. वास्तविक तुरा, दाढी आणि गोंदण प्रत्येकच स्लेयरला असतं. आमच्या दशावतारात मुकुट, भरजरी अंगरखा आणि हातात तलवार घेऊन कोणी आला की तो राजा हे शेंबडं पोरही सांगेल. पण कुठला राजा, हे तो स्वतःच्या तोंडाने नाव सांगेपर्यंत कोणाच्या बापाला कळत नाही. पेटारा एकच, राजे बारा. तुऱ्याचा रंग म्हणजे तो अंगरखा. त्यावरून जात कळते, माणूस नाही. माणूस कळायला त्याच्या एकट्याचीच अशी खूण लागते, आणि ती मला पट्टीत सापडली होती. एका पट्टीवर मी चोवीसशे लावले.

तळाचंही तेच. पुतळा चांगल्या मोठ्या गोल चकतीवर होता, एका खडकावर पाय रोवून, भोवती खोटं गवत. मला वाटलं, खडकावर उभा म्हणजे मोठा माणूस. हे बुटके मुळात चौकोनी चकत्यांवर यायचे, वीस मिलिमीटरच्या, कारण ते रांगेत खांद्याला खांदा लावून उभे करायचे असत. २०१५ मध्ये कंपनीने खेळाची नवी आवृत्ती काढली, रांगा मोडल्या, चकत्या गोल झाल्या, आणि लोकांनी जुने पुतळे उपटून गोल चकत्यांवर चिकटवले. म्हणजे गोल चकतीवरचा जुना पुतळा दिसला की एवढंच समजायचं की मधे कोणाचा तरी हात फिरलाय. खडक तर कोणीही चिकटवतो. हे मला माहीत होतं. पार्सल उघडेपर्यंत आठवलं नाही, इतकंच.

रविवारी मी तो खिशात घालून मेस्त्रींच्या गणपतीच्या शाळेत गेलो. बारीक कुंचला मागायचा होता. पण खरं सांगायचं तर दाखवायचा होता.

बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली, आत शाडूचा वास. चार पोरं उंदीर घासत बसलेली. मेस्त्री पाटावरच्या गणपतीला सोंड लावत होते. मी पुतळा पुढे केला. त्यांनी हात लुंगीला पुसले, पुतळा उचलला आणि एकदाच बघून म्हणाले, “परशुराम.”

“नाय ओ मेस्त्रीनू, ह्यो विलायती.”

“कुऱ्हाड आसा मां?”

“आसा.”

“दाढी आसा, उघडो आसा, रागान बघता. मगे? आमच्या भूमीत ह्यो दुसरो कोण येतलो?” पोरं हसली. मेस्त्री हसले नाहीत. पुतळा उलटासुलटा करत स्वतःशीच म्हणाले, “पण जानवा खय? परशुरामाक जानवा व्हया. नाय, ह्यो परशुराम न्हय.” आणि माझ्याकडे असे बघू लागले की जणू परशुराम म्हणून मीच तो त्यांच्या गळ्यात मारत होतो.

मी गॉट्रेकची ओळख करून दिली. अब्रू, शपथ, राक्षस, सगळं. मेस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे मरूक जाता आणि मरना नाय?”

“होय.”

“आमचो थोरलो जावय तसोच.” पुन्हा हशा. “बरा, तो ह्योच कशावरून?”

“डोळ्यावर पट्टी आहे ना. त्याचा एक डोळा गेलेला.”

“आणि?”

“आणि काय?”

“अरे, एका खुणेर देव ओळखतत? विष्णूचे चोवीस प्रकार. शंख, चक्र, गदा, पद्म सगळ्यांकडे तीच. कुठल्या हातात काय, तेच्यार नाव. तुझ्या माणसाक पट्टीशिवाय आणखी काय व्हया?”

माझी पंचाईत इथे सुरू झाली. कारण मला उत्तर माहीत होतं. गॉट्रेकच्या नाकातून कानापर्यंत एक साखळी असते. आणि त्याची कुऱ्हाड म्हणजे साधी कुऱ्हाड नव्हे, भलंमोठं जादूचं पातं, त्यावर मंत्राक्षरं कोरलेली. मी हे हळू आवाजात सांगितलं. मेस्त्रींनी पुतळा पोरांच्या पुढे धरला. “साखळी दिसता रे?” चौघे एका सुरात म्हणाले, “नाय.” “अक्षरा?” “नाय.” गणपतीपुढे आरती म्हणावी तसं.

“तुटली असेल साखळी,” मी म्हटलं.

“तुटली तर नाकार बूड ऱ्हवता.” आमच्याकडे सोंड तुटलेले रोज येतात, मोडलेली जागा मी ओळखतो, अशा अर्थाचं आणखी बरंच काही ते बोलले. मग त्यांनी मोबाइलची बॅटरी लावली आणि उजेड समोरून न टाकता कानाच्या बाजूने, गालाला घासून जाईल असा टाकला. ही युक्ती मला माहीत असायला हवी होती. कोरलेल्या गोष्टीला कड असते, आणि कडेला सावली पडते. भुवईची सावली पडली. मिशीची पडली. पट्टीची पडली नाही. काळ्या रंगाखाली, दुसऱ्या बाजूला होता तसाच, डोळ्याचा गोल फुगवटा होता, आणि पट्टीचा पट्टा तुऱ्याच्या मुळाशी केसांवरून जाताना एकाही केसाला दाबत नव्हता.

“ही पट्टी न्हय. ह्यो रंग,” मेस्त्री म्हणाले. “खाली डोळो आसा. कोणीतरी आखून दिल्यान आणि तू घेतलंस. किती दिलंस?”

मी आकडा सांगितला. सांगायला नको होता.

“चोवीसशे! झिला, चोवीसशेत मी तुका दीड फुटी गणपती दितंय, उंदरासकट.”

मला अजून राग येतो तो याचाच. ज्या माणसाने गॉट्रेकचं नावही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, त्याने तीन मिनिटांत तो गॉट्रेक नाही हे सिद्ध केलं, आणि मी दहा वर्षं पुतळे जमवतोय. पोरं तर मला आता ‘एकडोळ्या’ म्हणतात. बाजारात, मोठ्याने.

तरी मी घरी जाऊन शेवटचा पुरावा काढला. या जुन्या धातूच्या पुतळ्यांच्या पायाखाली एक पट्टी ओतलेली असते, ती चकतीच्या खाचेत बसते, आणि तिच्यावर बहुतेक वेळा नाव आणि साल उठवलेलं असतं. साल पुतळा घडवल्याचं, ओतल्याचं नव्हे, पण नाव ते नावच. ते बघायचं तर पुतळा चकतीवरून काढायला हवा. सुपरग्लू थंडीत ठिसूळ होतो, म्हणून मी तो तासभर फ्रीजरात ठेवला. आईने बांगडे काढायला दार उघडलं आणि मला हाक मारून एवढंच विचारलं, “ह्यो किलोक कितीक?”

तासाभराने पिळल्यावर कट् असा आवाज होऊन चकती सुटली. पायाखालची पट्टी कोणीतरी पक्कडीने अर्धी कापलेली. उरलेल्या तुकड्यावर चारच अक्षरं: ए, वाय, ई, आर. स्लेयर या शब्दाचं शेपूट. नुसता स्लेयर. नाव नाही, गाव नाही. सैन्यात डझनाने असतात त्यातला एक. मग नेलपॉलिश रिमूव्हर घेतला, अ‍ॅसिटोनवाला. धातूला तो काही करत नाही. प्लास्टिकला लावला असता तर बुटक्याचा चिखल झाला असता, म्हणून चकती आधीच बाजूला. जुना टूथब्रश फिरवला, काळा रंग ओघळला, आणि खालून डोळा आला. शाबूत. रागाने बघणारा. हात मी दोनदा साबणाने धुतले, कारण जुन्या पुतळ्यांत शिसं असायचं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. त्याचं उत्तर: “ब्रो, पेंट व्हेरिएशन आहे.” डोळा फुटणं हे पेंट व्हेरिएशन. पैसे परत द्यायचा विषय काढला तर निळ्या खुणा येत, उत्तर नाही. साखळी दिसेल असा एक जवळचा फोटो मी आधीच मागितला असता तर हे झालंच नसतं, हे मला कळतं. पण त्याने पट्टी मुद्दाम रंगवली असेल की त्यालाही कोणी तशीच विकली असेल, हे नुसतं रंगाकडे बघून कळत नाही, आणि रात्री झोप मोडते ती नेमकी यावर.

दुसऱ्या दिवशी नागडा-उघडा धातूचा बुटका घेऊन पुन्हा मेस्त्रींकडे. पायाखालची अक्षरं दाखवली. धाकट्या पोराने वाचली, “अय्यर.”

“मद्राशी आसा,” मेस्त्रींनी निकाल दिला. “तरीच शेंडी.”

मग, मी मागितलं नसताना, त्यांनी सगळ्यात बारीक कुंचला काढला, श्वास रोखला, आणि बुटक्याचे डोळे आखले. चाळीस वर्षं गणपतीचेच डोळे आखलेला हात. दुसरे डोळे त्याला येत नाहीत. आता तो भगव्या तुऱ्याचा, मरायला निघालेला, हातात कुऱ्हाड घेतलेला इसम लांबट, पाणीदार, अपार करुणेच्या डोळ्यांनी समोरच्या राक्षसाकडे बघतो. आशीर्वाद देईल असं वाटतं.

चिडून मी तोही फोटो विक्रेत्याला पाठवला. या वेळी उत्तर मिनिटात आलं.

“ब्रो, हे भारी आहे. कुठलं कॅरेक्टर? विकायचंय का?”