मॅडमची पाच एकर

शनिवारी माझ्या भाषणानंतर शाल मिळाली दुभाष्या मॅडमना आणि मला मिळाली कुंडीतली तुळस. तुळशीबद्दल माझं काही म्हणणं नाही, बाल्कनीत छान दिसते. पण भाषण माझं होतं.

झालं असं की हॉलंडहून द्राक्षं घेणारे चौघे जण आले होते आणि आम्ही बागायतदारांनी गंगापूर रोडवरच्या एका हॉलात त्यांचं स्वागत ठेवलं. मी मराठीत बोलणार, मॅडम ते इंग्रजीत सांगणार. मला वेळ दहा मिनिटं, म्हणून मी दहा मिनिटांचं भाषण लिहिलं. पहिली माती इथेच खाल्ली. प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जाणार, तेव्हा माझ्या वाट्याला पाचच मिनिटं येतात, हे गणित पाचवीतल्या पोराला जमलं असतं.

सुरुवातीचं दीड पान मी एका दमात वाचून काढलं. गोदामाई, त्र्यंबक, ऑक्टोबर छाटणी, वडिलांची सायकल, सगळं. मॅडम उभ्या अरुंद वहीत काहीतरी खरडत होत्या. नंतर पाहिलं तर शब्द जेमतेम, बाण आणि खुणाच जास्त. माझं संपल्यावर त्या जे बोलल्या ते मिनिटभरात उरकलं. त्यात सायकल नव्हती. सायकलवर माझा अख्खा परिच्छेद होता!

खरा घोटाळा पुढे झाला. फवारणीचा विषय म्हणजे पाहुण्यांच्या दृष्टीने लग्नातला मुहूर्त. वाक्य मी घासूनपुसून लिहिलं होतं: ‘काढणीच्या आदल्या आठवड्यात औषध मारून द्राक्षं टवटवीत ठेवायची ही पद्धत आमच्याकडे आता कोणी वापरत नाही.’ वजन यावं म्हणून ‘टवटवीत ठेवायची’पाशी थांबलो आणि मॅडमकडे पाहिलं. थांबून पाहिलं म्हणजे ‘आता तुम्ही बोला’, असाच कोणीही अर्थ घेणार. त्यांनी तेवढंच इंग्रजीत सांगितलं. काढणीच्या आठवड्यात फवारणी, द्राक्षं टवटवीत. चारही पाहुण्यांची पेनं एकदम चालू झाली. मग मी ऐटीत उरलेलं म्हणालो, ‘आता कोणी वापरत नाही.’ मॅडमनी ते लगेच दुरुस्त केलं, पण तोवर पेनं खाली ठेवली गेली होती. प्रश्नोत्तरांत एका उंच गृहस्थांनी विचारलं, शेवटच्या आठवड्यात नेमकं कोणतं औषध मारता?

आपल्या मराठीचा हा स्वभाव आहे. ‘नाही’ सगळ्यात शेवटी, घरी चहा झाल्यावर पाहुणा मूळ काम सांगतो तसं. इंग्रजीत नकार लवकर येतो, त्यामुळे ‘नाही’ हातात येईपर्यंत दुभाष्याने तोंड उघडणंच धोक्याचं. आणि मी वाक्य नेमकं तिथेच तोडलं.

आता पहिल्या रांगेतले आण्णा. आण्णांना इंग्रजी समजतं, म्हणजे शब्द समजतात. दुभाष्याने बोलणाऱ्याच्या जागी उभं राहून ‘मी’ असंच म्हणायचं असतं, ‘ते म्हणतात की’ नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मला तरी कुठे माहीत होतं? मॅडम म्हणाल्या, ‘आय हॅव फाइव्ह एकर्स ऑफ ग्रेप्स.’

आण्णा शेजाऱ्याला, म्हणजे तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं, म्हणाले, ‘पाच एकर? ही तर सिडकोत राहते.’

शेजारी म्हणाला, ‘माहेरची असेल.’

‘माहेर जळगावचं. तिकडे केळी.’

मॅडम पुढे, ‘माय फादर प्लांटेड द फर्स्ट व्हाइन.’ आण्णा आता जागेवर अर्धे उठले. ‘हिचे वडील मास्तर होते हो! माझ्या धाकट्याला गणित शिकवायचे.’ मग माझ्याकडे बघून, हात तोंडाशी धरून, ‘भाऊ, ती तुमची बाग स्वतःच्या नावावर सांगत्येय, बघा बरं का!’

हसू दाबत मी थांबलो. माझं थांबणं पाहून आण्णांना वाटलं, भाऊ विसरले. त्यांनी धीर द्यायला टाळ्या सुरू केल्या. आपल्याकडे एकाने वाजवली की सगळे वाजवतात. त्यानंतर मी जिथे जिथे थांबलो तिथे टाळ्या पडल्या, आणि थांबत होतो ते मॅडमनी बोलावं म्हणून. परिणामी इंग्रजी भाषण टाळ्यांत बुडालं. आण्णांना सगळ्यात जास्त हे आवडलं, कारण त्यांच्या मते इंग्रजी ऐकू न आल्यामुळे कार्यक्रम मराठमोळा झाला.

चहाच्या वेळी मॅडमनी माझे कागद मागितले. ‘काका,’ त्या म्हणाल्या (मी अठ्ठेचाळीसचा आहे), ‘तुम्ही श्वास संपला की थांबता. अर्थ संपला की थांबा.’ पेन्सिल काढून त्यांनी फवारणीचं ते वाक्य फोडलं आणि मध्ये तिरप्या रेघा मारल्या:

‘आम्ही काढणीच्या तोंडावर फवारत नाही. / पूर्वी काही जण फवारायचे. / आता प्रत्येक औषधाचे पीएचआयचे दिवस पूर्ण होऊ देतो, मगच काढणी. /’

पीएचआय म्हणजे शेवटची फवारणी ते काढणी यांत सोडायचे किमान दिवस. तो शब्द पाहुण्यांच्या ओळखीचा, म्हणून तसाच ठेवला. ‘नाही’ पहिल्याच तुकड्यात, आणि प्रत्येक तुकडा एकटा सोडला तरी खराच. एक-दोन वाक्यं, एक मुद्दा, रेघ. फार बारीक करू नका, असंही त्या म्हणाल्या. चार-चार शब्दांवर थांबलं की दुभाष्यालाही वाक्य जुळवता येत नाही आणि ऐकणारे टेनिसचा सामना बघितल्यासारखी मान हलवत बसतात.

मग त्यांचं बोट माझ्या आकड्यावर गेलं. आमच्या केंद्रातून गेल्या हंगामात ‘एकोणऐंशी हजार पेट्या’. मी ते जोरात बोललो होतो, मॅडमनी ऐकलं ‘ऐंशी’, नशिबाने चूक हजारानेच झाली. एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी, हा हिशेब डोक्यात करेपर्यंत पुढचं वाक्य येतं. गंमत म्हणजे हॉलंडवाले स्वतःच्या भाषेत नऊ आणि सत्तर असं एकक आधी म्हणतात, त्यांना आपली दया आली असती. पण मध्ये इंग्रजी होती. म्हणून आकडे, गावांची नावं आणि म्हणी आदल्या दिवशी कागदावर द्यायच्या. तसंच ‘पावणेदोन लाख’ म्हणायचं नाही, 1,75,000 असं लिहायचं. लाख म्हटलं की मॅडमना पुन्हा हजारांत मोडावं लागतं.

‘आणि काका, माझ्याकडे बघून बोलू नका. त्यांच्याकडे बघा.’

सोमवारी पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये दुसरा कार्यक्रम होता. रविवारी रात्री मी जेवण सोडून भाषण फोडत बसलो. बायको म्हणाली, भाजी चिरताना कधी इतकं लक्ष देत नाहीस. सायकल काढून टाकली. सायकल काढताना वाईट वाटलं, अजूनही वाटतंय. चौदा तुकडे झाले, घड्याळ लावून वाचलं तर माझी पावणेपाच मिनिटं. मॅडमना व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्यांनी फक्त अंगठा दाखवला.

सोमवारी सगळं सुरळीत झालं. मी बोललो, थांबलो, मॅडम बोलल्या, पाहुण्यांनी माना डोलावल्या, पीएचआयवर उंच गृहस्थांनी काहीतरी खोडून नवं लिहिलं. टाळ्या नव्हत्या, कारण आण्णा लोडिंगच्या बाजूला गाडीवाल्याशी भांडत होते. शेवटच्या रेघेपाशी ते आत आले, मला शांत उभं बघितलं आणि मॅडम बोलत असताना दोन्ही हातांनी सुरू झाले.

निघताना मॅडमना द्राक्षांची पेटी मिळाली. आण्णांनी ती स्वतः उचलून त्यांच्या गाडीत ठेवली आणि विचारलं, ‘तुमच्याच बागेतली ना?’