ऑथॉरिटी लेटरमध्ये "सर्व कामे" लिहू नका

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर आहेत. वय ७८. औषधांचे आणि रात्री सोबतीला येणाऱ्या बाईंचे पैसे त्या चेकनेच देतात, मोबाइलवरून पैसे पाठवायची त्यांना भीती वाटते. जुन्या चेकबुकातल्या मागणीच्या स्लिपवर सही करून त्यांनी नवं चेकबुक मागवलं. ते पोस्टाने आलं तेव्हा दार उघडायला कोणी नव्हतं, म्हणून शाखेत परत गेलं. पासबुकही शेवटच्या पानापर्यंत भरलं होतं. दोन्ही आणायला मी गेले. एका फेरीत काम झालं नाही, आणि ते का झालं नाही हे सांगण्यासाठी ही पोस्ट.

पहिल्या दिवशी काकूंनी दिलेल्या पत्रात एकच वाक्य होतं: "मी आजारी असल्याने माझी बँकेची सर्व कामे माझ्या शेजारी करतील, त्यांना सहकार्य करावे." हे त्यांनी फार विश्वासाने लिहिलं होतं. पण काउंटरवरच्या मॅडमनी वाचलं आणि परत दिलं. मला आधी राग आला. घरी येऊन शांतपणे विचार केला तेव्हा पटलं की त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्याचे सगळे व्यवहार करायचे तर मुखत्यारपत्र लागतं, साध्या कागदावरच्या ओळीने तो अधिकार मिळत नाही. आणि समजा मिळाला असता, तरी तो मला नको आहे. उद्या खात्यात काही कमीजास्त झालं तर "सर्व कामे" हे दोन शब्द पहिला प्रश्न मलाच विचारायला लावतील. पत्र जितकं नेमकं, तितकं ते रुग्णाला सांभाळतं आणि त्याच्यासाठी धावपळ करणाऱ्यालाही.

दुसरं पत्र आम्ही दोघींनी बसून केलं. ते असं होतं:

"प्रति, शाखा व्यवस्थापक. माझे आपल्या शाखेत बचत खाते क्रमांक ______ आहे. खुब्याच्या फ्रॅक्चरमुळे मी अंथरुणास खिळून आहे व शाखेत येऊ शकत नाही. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. माझ्या मागणीनुसार तयार झालेले व टपालातून शाखेत परत आलेले चेकबुक, तसेच जुने पासबुक भरल्यामुळे द्यावयाचे नवीन पासबुक, या दोनच वस्तू माझ्या वतीने स्वीकारण्यास मी माझ्या शेजारी श्रीमती ______ यांना अधिकार देत आहे. त्यांचे ओळखपत्र क्रमांक ______. या पत्राने त्यांना माझ्या खात्यातून पैसे काढण्याचा किंवा अन्य कोणताही व्यवहार करण्याचा अधिकार दिलेला नाही. हे पत्र दिनांक ______ पर्यंतच ग्राह्य धरावे. त्यांची सही खाली असून ती मी प्रमाणित करत आहे."

खाली आधी माझी सही, तिच्या शेजारी काकूंची प्रमाणित केल्याची सही, आणि शेवटी खातेदार म्हणून काकूंची पूर्ण सही, तारीख आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर. माझी सही काकूंनी प्रमाणित करणं लोक हमखास विसरतात. बँकेला माझी सही कुठे माहीत असते? रजिस्टरवर वस्तू मिळाल्याची सही मीच करणार, ती या पत्रावरच्या सहीशी जुळली की समोर उभी असलेली बाई तीच आहे हे कळतं. रिकाम्या राहिलेल्या जागांवर आम्ही आडव्या रेघा मारल्या, म्हणजे नंतर कोणाला काही घुसवता येणार नाही. ग्राह्यतेसाठी आठ दिवस पुढची तारीख घातली.

पहिल्या पत्रात आणखी एक अडचण होती, सहीची. काकूंनी उताणं पडून, वहीचा आधार घेऊन सही केली होती. अक्षरं खाली घसरली होती आणि शेवटचा फराटा आलाच नव्हता. बँकेत संगणकावर त्यांची नमुना सही उघडली, ती कित्येक वर्षांपूर्वीची, ठसठशीत. दोन्ही जुळेनात. दुसऱ्या वेळी पाठीशी उशा लावून त्यांना जितकं बसवता येईल तितकं बसवलं, खाली पाट ठेवला आणि आधी कोऱ्या कागदावर चार-पाच वेळा सही करू दिली. हात मात्र कोणी धरला नाही. हात धरून करवून घेतलेली सही त्या माणसाची राहत नाही, घरच्यांनी कितीही प्रेमाने धरला तरी.

सही जमतच नसेल तर पत्राच्या मागे लागू नका, बँकेच्या माणसालाच घरी बोलवा. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये ७० वर्षांवरच्या, तसंच दिव्यांग किंवा वैद्यकीय प्रमाणपत्र असलेल्या दीर्घ आजारी ग्राहकांना काही सेवा घरपोच देण्याविषयी बँकांना परिपत्रक पाठवलं. त्याच परिपत्रकात स्पष्ट लिहिलं आहे की चेकबुक देण्यासाठी ग्राहकाने प्रत्यक्ष हजर राहण्याचा आग्रह धरू नये. पहिल्या दिवशी शेजारच्या काउंटरवरून "त्यांनाच यावं लागेल" असं मला ऐकवलं गेलं, तेव्हा हे माहीत असतं तर मी तिथेच नम्रपणे सांगितलं असतं. मोडलेल्या खुब्याच्या बाईला स्ट्रेचरवरून बँकेत आणायला सांगणं मला अजिबात मान्य नाही. खात्री करून घेणं मात्र मान्य आहे, आणि ती करायला फोन पुरतो. दुसऱ्या दिवशी मॅडमनी माझ्यासमोर काकूंच्या नोंदवलेल्या नंबरवर फोन लावला, नाव विचारलं, कोणाला पाठवलंय ते विचारलं. काकूंचा फोन त्यांच्या उशाशी होता म्हणून हे झालं. "ओटीपी लागला तर असू दे" म्हणून रुग्णाचा फोन शेजाऱ्याकडे देऊ नका. मग बँकेचा फोन शेजाऱ्यालाच जाईल आणि त्या खात्रीला काही अर्थ उरणार नाही.

मी पत्र, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, काकूंच्या आणि माझ्या ओळखपत्राची प्रत, माझं मूळ ओळखपत्र आणि भरलेलं जुनं पासबुक नेलं होतं. जुनं पासबुक हरवलं असतं तर मात्र दुय्यम प्रतीसाठी काकूंचा वेगळा अर्ज लागला असता.

चेकबुक हातात आल्यावर मी लगेच रजिस्टरवर सही केली नाही, तिथेच उभं राहून पानं मोजली. पहिल्या पानाचा नंबर ०००१२६, शेवटचा ०००१५०. वजाबाकी २४ येते, पण पानं २५ असतात, इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. नुसता पहिला आणि शेवटचा नंबर बघून भागत नाही. चोरीला जाणारं पान बहुतेक मधलं किंवा मागचं असतं, आणि ते गेल्याचं महिनोन्महिने लक्षात येत नाही. म्हणून एकेक पान उलटून नंबर सलग आहेत का ते पाहिलं, खाते क्रमांक आणि नावही पाहिलं. एखादं पान नसेल तर चेकबुक ताब्यात न घेता तिथेच दाखवायचं. घरी आल्यावर कळलं तर खातेदाराने त्याच मिनिटाला बँकेला कळवून त्या नंबरचं पेमेंट थांबवायला सांगायचं.

नव्या पासबुकात सुरुवातीला छापलेली शिल्लक जुन्याच्या शेवटच्या ओळीशी जुळते का, तेही ताडून पाहिलं.

घरी येऊन मी सगळं काकूंच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांनाही पानं मोजायला लावली. "अगं, तुझ्यावर विश्वास नाही का माझा?" म्हणाल्या. मी म्हटलं, "आहे ना काकू, म्हणूनच मोजा." त्यांनी मोजली, मधे एकदा चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून मोजली. मग पत्राच्या माझ्याजवळच्या प्रतीवर लिहिलं: "चेकबुक, पाने २५, क्रमांक ०००१२६ ते ०००१५०, व नवीन पासबुक मिळाले", खाली तारीख आणि सही. ती प्रत माझ्या कपाटात आहे.